रोंडोमधे निर्णय नेमका कधी होतो?

सकाळी साडेसहाला गोल्फ क्लब मैदानावर जॉगिंगवाल्यांची गर्दी असते आणि त्यातच कुठल्यातरी कोपऱ्यात चार मार्कर टाकून पोरं फुटबॉलचा रोंडो खेळताना दिसतात, कडेला चौघं, मधे दोघं, आणि बाहेर उभा राहून कोच ओरडतोय "लवकर पास दे, लवकर!" मी पण पंधरा वर्षं असाच ओरडत होतो. मग एक दिवस वही पेन घेऊन हिशोब मांडला की लवकर म्हणजे किती लवकर, आणि लक्षात आलं की मी चुकीच्या क्षणी ओरडतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. रोंडो म्हणजे आपलं लहानपणीचं मधल्याला माकड करायचं तेच, कडेवाले आपसात पास देतात आणि मधले बॉल काढायला बघतात, फक्त जागा ठरलेली असते आणि टच मोजलेले असतात. बार्सिलोनाच्या युवा संघांमधे तो ७० च्या दशकात लाउरेआनो रुइस या कोचने रुजवला असं मानलं जातं, पुढे योहान क्रायफ १९८८ ते १९९६ तिथे मुख्य कोच होते तेव्हा तो त्यांच्या रोजच्या सरावाचा कणाच झाला. प्रकार भरपूर आहेत, पण इथे मी फक्त चार विरुद्ध दोन घेतो.

आता १० मीटर बाय १० मीटरचा बॉक्स धरा. प्रत्येक बाजूच्या मधोमध एक जण उभा. आपल्या बाजूच्या माणसाकडून शेजारच्या बाजूकडे पास गेला तर अंतर साधारण ७ मीटर. चौदा वर्षांच्या पोराचा जमिनीवरचा बरा पास सेकंदाला ८ मीटर धरू, म्हणजे बॉल पोचायला ०.९ सेकंद. मधला डिफेंडर बरोबर मधोमध आहे, तो पास निघाल्यावर पाव सेकंदाने हलतो (डोळ्याला दिसून पाय उचलेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच, कितीही तल्लख असला तरी), मग ४ मीटर धावतो, शेवटचा मीटरभर त्याचा पाय पोचतो. सेकंदाला ४ मीटर वेगाने धावला तर एकूण सव्वा सेकंद. म्हणजे बॉल घेणाऱ्या पोराला बॉल पायाला लागल्यापासून ०.३५ सेकंद मिळतात. बस.

या ०.३५ सेकंदात काय होतं ते बघा. त्याच्यासमोर तीन पर्याय आहेत, पुढच्या बाजूचा शेजारी, समोर दोघांच्या मधून आरपार, किंवा जिथून आला तिथेच परत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मधे दिवे आणि बटणं वापरून एक गोष्ट दाखवली की पर्याय जितके जास्त तितका प्रतिसादाला वेळ जास्त लागतो, आणि पर्याय दुप्पट झाले की दरवेळी साधारण सारखाच वेळ वाढत जातो. एका दिव्याला प्रतिसाद द्यायला पाव सेकंद लागत असेल तर तिघांतला एक निवडायला सहज चार दशांश सेकंद जातात, वर पाय मागे घेऊन मारायचा वेळ वेगळा. म्हणजे ज्याने बॉल पायाशी आल्यावर विचार सुरू केला तो हरलाच. त्याचे पाय कच्चे नसतात हो, त्याने पेपर उशिरा उघडलाय.

जो पोरगा बॉल येत असतानाच एकदा मान वळवून बघतो, त्याला दिसतं की दुसरा डिफेंडर पुढच्या शेजाऱ्याकडे सरकलाय. तो पर्याय गेला, उरले दोन. पहिला डिफेंडर अंगावर कुठून येतोय हे पण दिसलं तर बऱ्याचदा एकच उरतो, आणि एकच उरला की निवडायचं काही राहतच नाही, नुसतं मारायचं. आपण ज्याला "काय फास्ट विचार करतो हा" म्हणतो त्याने बरेचदा विचार आधीच करून ठेवलेला असतो. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्देत यांनी प्रीमियर लीगच्या खेळाडूंचे व्हिडिओ घेऊन बॉल मिळायच्या आधी कोण किती वेळा मान वळवून बघतो ते मोजलं, आणि जास्त बघणाऱ्यांचे पास जास्त यशस्वी होते. अर्थात यातून बघितल्यामुळेच पास चांगला जातो असं थेट सिद्ध होत नाही, चांगला खेळाडू दोन्ही करत असेल, पण वरचा हिशोब पाहिला तर कारण समजायला अवघड नाहीये.

आता खरी गंमत, आणि बरेच कोच इथेच फसतात. पोरं आरामात खेळायला लागली की आपण काय करतो, बॉक्स लहान करतो, म्हणजे प्रेशर वाढेल. तोच हिशोब ६ मीटरच्या बॉक्ससाठी करा. पास ४.२ मीटर, अर्धा सेकंद. डिफेंडरला २ मीटर धावायचंय, एकूण पाऊण सेकंद. म्हणजे बॉल मिळाल्यावर उरतात ०.२ सेकंदाच्या आसपास. आणि १४ मीटरच्या बॉक्समधे पास १० मीटर, सव्वा सेकंदाचा प्रवास, आणि बॉल मिळाल्यावर अर्धा सेकंद. नीट बघा, १४ वरून ६ वर आलो तर पायाशी मिळणारा वेळ तर कमी झालाच, पण बॉल प्रवासात असतानाचा वेळ सव्वा सेकंदावरून अर्ध्यावर आला, म्हणजे बघायचीच वेळ आपण कापली. मान वळवायची, काहीतरी दिसायला हवं, परत बॉलवर यायचं, यालाच तीन-चार दशांश सेकंद सहज लागतात. अर्ध्या सेकंदात नवखं पोरगं ते करणारच नाही, ते बॉलकडे टक लावून एक टच मारत बसेल आणि नशिबाने कोणालातरी पोचेल. बाहेरून ते भारी दिसतं, टिकटिकटिक, पालक व्हिडिओ काढतात, पण तिथे निर्णय घेणं जवळजवळ बंद झालेलं असतं.

म्हणून मी आता बारा-चौदा वर्षांच्या पोरांना १२ मीटरपासून सुरू करतो, दोन टच, आणि कमी करायचं झालं तर एका वेळी एक मीटर. कधी थांबायचं ते पासांच्या संख्येवरून ठरवत नाही, मानेवरून ठरवतो. एका पोरावर नजर ठेवायची, त्याला येणारे दहा पास बघायचे आणि बॉल पोचायच्या आत किती वेळा डोळे बॉलवरून सुटले ते मोजायचं. बॉक्स एक मीटरने कमी केल्यावर हा आकडा धाडकन पडला तर बॉक्स परत मोठा. एवढं सोपं आहे.

पण एक लबाडी आहे. "मान वळव" म्हणून ओरडलं की पोरं मान वळवतात, बघत मात्र नाहीत. आमच्याकडे एक पोरगा होता, पंख्यासारखी मान फिरवायचा, आणि बॉल तरी डिफेंडरच्या पायातच द्यायचा. त्यावर उपाय म्हणजे पास निघून वाटेत असतानाच शिट्टी मारायची, सगळे पुतळा, घेणाऱ्याने डोळे मिटून हाताने दाखवायचं की दोघे मधले कुठे आहेत. पहिल्या दिवशी त्याने दोन्ही हात एकाच दिशेला केले आणि डिफेंडर त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते, सगळे हसले, तो पण हसला. दर सत्राला चार-पाच वेळाच करायचं, सारखं केलं तर खेळ राहत नाही.

आणि बघायचं कधी हे पण शिकवावं लागतं. सगळ्यात स्वस्त वेळ म्हणजे देणारा पहिला टच घेत असतो तेव्हा, कारण त्या क्षणी बॉल तुमच्याकडे येऊच शकत नाही, डोळे मोकळे आहेत. दुसरी वेळ म्हणजे पास निघाल्याबरोबर. शेवटचा दीड-दोन मीटर मात्र बॉलवरच, आणि आपल्याकडची बरीच मैदानं मुरमाची, खडा लागून बॉल उडतो, तिथे तर जास्तच. टर्फवरचे परदेशी व्हिडिओ बघून कोणी सारखं बघत राहा म्हणून सांगत असेल तर आधी आपल्या मैदानावर बॉल किती उड्या मारतो ते बघा.

पासाच्या जोराचं पण एक आहे. १० मीटरच्या बॉक्समधे तोच पास ८ ऐवजी १२ मीटरच्या वेगाने दिला तर पोचायला ०.६ सेकंद, डिफेंडरला तेवढाच सव्वा सेकंद, म्हणजे मित्राला ०.३५ ऐवजी ०.६५ सेकंद मिळाले, जवळपास दुप्पट. जोराचा पास म्हणजे मित्राला भेट दिलेला वेळ. पण त्याच वेळी त्याचा प्रवासातला बघायचा वेळ घटला, म्हणून जोरात पास देणाऱ्या ग्रुपला देणाऱ्याच्या टचच्या वेळी बघायची सवय आधी लागली पाहिजे, नाहीतर पहिला टच निसटतो आणि आपण टचला दोष देत बसतो.

मधल्या दोघांबद्दल कोणी बोलत नाही. ते नुसते पळत असतील तर वरचा सगळा हिशोब वाया, कारण बघून मिळवण्यासारखं काही नसतंच. पहिल्याने सरळ अंगावर न जाता वळसा घालून यायचं, म्हणजे एक बाजू त्याच्या अंगामागे झाकली जाते, आणि दुसऱ्याने मधली आरपारची वाट धरायची. आणि कृपा करून "ज्याची चूक तो मधे" हा नियम काढा. त्या नियमात पोरं आरपारचा पास दिसला तरी देत नाहीत, शेजाऱ्याला ढकलतात, कारण मधे जायची शिक्षा कोणाला हवीये. मी जोड्या पाडतो, प्रत्येक जोडी ४५ सेकंद मधे, किती वेळा बॉल काढला ते मोजायचं, संपलं की पुढची जोडी. पोरं मधे जीव तोडून पळतात आणि कडेवाले धाडस करतात.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. रोंडोत प्रत्येकाची पाठ बाहेर असते, मागून कोणी येत नाही, आणि गोलच नसल्यामुळे कुठलाही पास चालतो. मॅचमधे मधल्या फळीत उभं राहिलं की धोका पाठीमागून येतो, तिथे कडेवर शिकलेली मान अर्धीच पुरते. म्हणून दहा-बारा मिनिटांनी मी एक पोरगा डिफेंडरांच्या मधे उभा करतो, पाच विरुद्ध दोन, आणि पलीकडे दोन चपलांचा गोल लावतो, सहा पास झाले की तिथे मारायचं. पहिले दोन आठवडे मधल्या पोराच्या पायातून सारखा बॉल जातो, कडेला झकास खेळणारा पण तिथे हरवतो. तेव्हा बॉक्स १४ मीटर करतो, आणि परत पहिल्यापासून माना मोजायला बसतो.