दोन इमारतींमधली फट: सिस्मिक गॅपचा आकडा आला कुठून?

शेजारशेजारच्या दोन इमारती भूकंपात एकमेकींवर आदळतात, याला बांधकामाच्या धंद्यात ‘पाउंडिंग’ म्हणतात. ते टाळायला मध्ये फट, म्हणजेच सिस्मिक गॅप ठेवायची, हे इंजिनिअरांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. 1964 च्या अलास्का भूकंपात अँकरेजमधल्या एका हॉटेलचा उंच मनोरा त्याच हॉटेलच्या तीन मजली बॉलरूमवर आदळून नुकसान झाल्याची नोंद आहे. तरीही बरीच वर्षं नियमांची भाषा ‘एकमेकांना लागणार नाहीत इतकं अंतर’ अशीच मोघम राहिली. फट किती, ती कुठल्या उंचीवर मोजायची आणि इमारतीची कुठली हालचाल हिशेबात घ्यायची, हे प्रश्न ऐरणीवर आले ते मेक्सिको सिटीत.

19 सप्टेंबर 1985 च्या त्या भूकंपाचं केंद्र शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त दूर, पॅसिफिक किनाऱ्याला होतं. पण शहराचा मोठा भाग जुन्या तलावाच्या मऊ चिकणमातीवर वसलेला आहे. या मातीने साधारण दोन सेकंदांचा एक झोका, अशा संथ लयीची हालचाल अनेक पटींनी वाढवली. सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती याच लयीत सापडल्या आणि सगळ्यात जास्त मार त्यांनी खाल्ला. त्यांना चिकटून दोन-तीन मजल्यांची जुनी बांधकामं होती. ती ताठ असल्यामुळे वेगळ्याच लयीत हलत होती.

पुढच्याच वर्षी मेक्सिकन इंजिनिअर रोझेनब्लूथ आणि मेली यांनी पाहणीचे निष्कर्ष मांडले. कोसळलेल्या किंवा गंभीर नुकसान झालेल्या 330 इमारतींपैकी 40 टक्क्यांहून जास्त ठिकाणी पाउंडिंगच्या खुणा होत्या, आणि 15 टक्के ठिकाणी त्यातून इमारत कोसळली, असं त्यांनी लिहिलं. हे आकडे जगभर उद्धृत झाले. नव्वदच्या दशकात ग्रीक संशोधक अनाग्नोस्टोपुलोस यांनी पुराव्यांची फेरतपासणी केली. टक्कर झाल्याची खूण दिसली म्हणजे टकरीमुळेच इमारत पडली असं होत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. मला तो रास्त वाटतो. पाउंडिंगचा धोका सांगताना 40 टक्क्यांचा आकडा सरसकट फेकणं बरोबर नाही. दोघं बुटके, सारख्या उंचीचे, मजले एका पातळीत असलेले शेजारी आदळले तर बहुतेकदा प्लास्टर उडतं, कडा तुटतात, तेवढंच. जीवघेणा मामला असतो उंची वेगळी असलेल्या जोडीचा.

असं का, ते एका जोडीवर पाहू. एक इमारत नऊ मजल्यांची, 27 मीटर उंच. शेजारची चार मजल्यांची, 12 मीटर. दोन्ही आरसीसी फ्रेमच्या. भूकंपरोधक डिझाइनचं आपलं मानक IS 1893, त्यातलं ढोबळ सूत्र `T = 0.075 h^0.75` लावलं, `h` ही मीटरमधली उंची धरली, तर उंच इमारतीचा एक झोका सुमारे 0.89 सेकंदाचा येतो आणि बुटकीचा 0.48 सेकंदाचा. म्हणजे एक उजवीकडे झुकत असताना दुसरी डावीकडे परत येत असू शकते. फट अपुरी असेल तर बुटकीचा माथा उंच इमारतीला 12 मीटरवर धडकतो. खालचे चार मजले तिथे अडतात, वरचे पाच झुकतच राहतात. त्यामुळे त्या पातळीच्या लगेच वरच्या मजल्यातल्या कॉलमवर अचानक जादा कातरबल येतं. उंच इमारतीत शेजारच्या गच्चीच्या पातळीलाच एखादा मजला चिरडलेला दिसला, तर पहिला संशय पाउंडिंगचा घ्यावा.

मजल्यांच्या पातळ्या जुळत नसतील तर प्रकरण आणखी बिघडतं. मग एका इमारतीचा स्लॅब दुसरीच्या स्लॅबला न लागता कॉलमच्या मधोमध लागतो. स्लॅब त्याच्या पातळीत अतिशय ताठ असतो, आणि कॉलम मध्यावर असा आडवा घाव घेण्यासाठी बनवलेला नसतो.

आता फटीचा आकडा. भारतात IS 4326 या मानकाच्या 1993 च्या आवृत्तीत सोपा तक्ता आहे: आरसीसी फ्रेमला मजल्यामागे 20 मिलिमीटर, शिअर वॉल असलेल्या फ्रेमला 15, स्टील फ्रेमला 30. आपल्या जोडीत बुटक्या इमारतीचे चार मजले धरले तर 80 मिलिमीटर होतात. हा अंगठ्याचा नियम आहे, आणि 40 मीटरहून उंच इमारतींसाठी तेच मानक स्वतंत्र विश्लेषण करायला सांगतं.

IS 1893 च्या 2002 च्या आवृत्तीने हिशेबाची रीत दिली आणि 2016 मध्येही ती टिकली. या रीतीत `R` हा गुणक आहे. डिझाइन करताना आपण भूकंपाचं खरं बल न घेता `R` ने भागलेलं बल घेतो. फ्रेम लवचीक असेल, सळ्या ताणल्या तरी ती उभी राहील, हा त्यामागचा विश्वास. अशा खास लवचीक फ्रेमसाठी `R` 5 असतो. पण बल भागलं म्हणून इमारत कमी हलत नाही. कॉम्प्युटरवर दिसणारं विस्थापन, म्हणजे `Δ`, कमी केलेल्या बलाचं असतं, म्हणून ते पुन्हा `R` ने गुणावं लागतं. फट = `R1Δ1 + R2Δ2`. 12 मीटर पातळीवर उंच इमारत 14 आणि बुटकी 12 मिलिमीटर हलते असं धरू. पाचपट केल्यावर 70 आणि 60, मिळून 130 मिलिमीटर. `R` ने गुणायचं राहिलं तर हाच आकडा 26 वर येतो आणि ड्रॉइंगवर 25 मिलिमीटरचा जॉइंट अगदी योग्य दिसतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आणि `Δ` घ्यायचं ते बुटकीच्या माथ्याच्या पातळीवरचं. उंच इमारतीच्या गच्चीवरचं घेतलं तर फट उगाच मोठी निघते.

अमेरिकेच्या 1997 च्या युनिफॉर्म बिल्डिंग कोडने बेरीज थोडी सैल केली. दोन्ही इमारती नेमक्या एकाच क्षणी एकमेकींकडे पुरत्या झुकतील याची शक्यता कमी, म्हणून दोन विस्थापनांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्यावं, असं तिथे ठरलं. 70 आणि 60 ला ही रीत लावली तर सुमारे 92 मिलिमीटर येतात. आपलं मानक थेट बेरजेवर थांबलं. 2002 च्या आवृत्तीत मात्र मजल्यांच्या पातळ्या जुळत असतील तेव्हा `R` निम्मा धरण्याची सवलत होती. मऊ जमिनीवर मला थेट बेरीजच सुरक्षित वाटते. तिथे पाया स्वतःच डोलतो, आणि मेक्सिको सिटीत तर खचून कललेल्या इमारतींनी फट भूकंपाआधीच खाल्लेली असू शकते.

26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादेत पाउंडिंगचं नुकसान दिसलं. मुंबई-पुण्यात प्लॉटभोवती साइड मार्जिन सोडावी लागते. त्यामुळे शेजारच्या सोसायट्या सहसा भिडत नाहीत. भिडतात त्या एकाच सोसायटीच्या विंग, आणि गावठाणातली, पेठांमधली खेटून उभी घरं. 45 मीटरहून लांब इमारतीला तापमानासाठी एक्सपान्शन जॉइंट देतात, तो 20-25 मिलिमीटरचा असतो आणि बऱ्याचदा तोच सिस्मिक गॅप समजला जातो. एक विंग सात मजल्यांची, दुसरी चार मजल्यांची असेल तर तो पुरण्याची शक्यता नाही. शिवाय जॉइंट उघडून पाहिला तर आत शटरिंगची फळी, ओतताना सांडलेलं काँक्रीट, विटांचे तुकडे सापडतात. अशा ठिकाणी कागदावर 130 मिलिमीटर असले तरी दोन इमारती आधीपासूनच एकमेकींना टेकलेल्या असतात. म्हणून वरून लावलेली पत्र्याची पट्टी काढून, बॅटरीच्या उजेडात जॉइंट तळापर्यंत मोकळा आहे का ते पाहावं लागतं, आणि स्लॅब ओतण्याआधी थर्माकोलसारखं सहज दबणारं फिलर वापरलंय का तेही तपासावं लागतं.