जास्त मतं, जास्त जागा: पण प्रमाणात?

गोरेगावला मी अकरावीची राज्यशास्त्राची शिकवणी घेते. परवा सराव परीक्षेत एक प्रश्न दिला: 20 मतदारसंघ, प्रत्येकात 100 मतं. प्रत्येक ठिकाणी ‘क’ला 40, ‘ख’ला 35 आणि ‘ग’ला 25 मतं पडली. ‘क’ने सगळ्या 20 जागा जिंकल्या. ही पद्धत कोणती?

निम्म्या मुलांनी लिहिलं, ‘प्रमाणशीर प्रतिनिधित्व’. एकीला कारण विचारलं तर म्हणाली, “ताई, ज्याला जास्त मतं त्यालाच जास्त जागा मिळाल्या ना?”

गोंधळ नेमका इथेच होतो. कोण पहिला, कोण दुसरा हा क्रम झाला. प्रमाण म्हणजे वाटा. ‘क’कडे मतं 40 टक्के आणि जागा 100 टक्के, म्हणजे वाटा जुळलाच नाही. प्रमाणशीर पद्धतीत त्याच मतांवर ‘क’ला 8, ‘ख’ला 7 आणि ‘ग’ला 5 जागा मिळाल्या असत्या. तेव्हाही ‘क’ पहिलाच राहिला असता, म्हणून नुसत्या क्रमावरून पद्धत ओळखता येत नाही.

खरा फरक आहे तो मतं कुठे मोजली जातात यात. आपल्या लोकसभेला प्रत्येक मतदारसंघाचा हिशेब तिथल्या तिथे मिटतो. निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत, दुसऱ्यापेक्षा एक जास्त असलं तरी पुरतं. (म्हणून या पद्धतीला ‘बहुमत पद्धत’ म्हणणं मला पटत नाही. मुलं तिथेच घसरतात.) 2024 साली आमच्याच मुंबई उत्तर पश्चिममध्ये निकाल 48 मतांनी लागला. हरलेल्या उमेदवाराची साडेचार लाखांवर मतं दुसऱ्या कुठल्या मतदारसंघात त्याच्या पक्षाच्या कामी आली नाहीत.

आता नरिमन पॉइंटला विधान भवनात या. राज्यसभेसाठी आमदार मतदान करतात तेव्हा पद्धत प्रमाणशीर असते, एकल संक्रमणीय मताची, म्हणजे प्रत्येकाचं मत एकच, पण उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती द्यायची. समजा सगळ्या 288 आमदारांनी मत दिलं आणि जागा 6 आहेत. 288 ला जागांपेक्षा एकने जास्त, म्हणजे 7 ने भागलं की 41 आणि वर थोडं येतं, म्हणून 42 आमदारांची पहिली पसंती मिळाली की जागा पक्की. 90 आमदारांचा पक्ष शिस्तीत राहिला तर दोन जागा नक्की काढतो. निवडून यायला लागतील त्याहून जास्त पडलेली मतं वाया जात नाहीत, ती पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे सरकतात. सहाही जागांना ‘सर्वात जास्त मतं तो विजयी’ हा नियम लावून प्रत्येक जागेसाठी वेगळं मतदान घेतलं असतं, तर 145 आमदारांच्या गटाने सहाच्या सहा नेल्या असत्या.

मुलांना आता मी आधी दोन रकाने करायला लावते, मतांचे टक्के आणि जागांचे टक्के. ते जवळजवळ जुळले तरी उत्तर लगेच लिहायचं नाही, कारण आपल्या पद्धतीतही एखादा निकाल योगायोगाने जुळतो. मतमोजणी मतदारसंघापुरती होती की सगळ्या मतांची मिळून, हे प्रश्नात शोधायचं आणि मगच पेन उचलायचं.