शालीभोवतीची पांढरी रेघ

छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल पांढऱ्या भिंतीपुढे टांगून फोटो काढला, संगणकावर पांढरी भिंत पुसली आणि शाल गडद निळ्या स्लाइडवर ठेवली, की दशांभोवती एक फिकट, भुरकट रेघ दिसते. शालीचा मधला भाग छान दिसतो. गडबड फक्त काठाला असते, आणि दशा म्हणजे सगळा काठच.

याचं कारण फोटोच्या एका ठिपक्यात, म्हणजे पिक्सेलमध्ये आहे. पिक्सेल चौकोनी असतो, पण धाग्याची कड त्याच्या रेषेवर नेमकी थांबत नाही. म्हणून काठावरच्या पिक्सेलमध्ये थोडा धागा आणि थोडी भिंत येते, आणि कॅमेरा दोन्हींचा मिळून एकच रंग नोंदवतो. पिक्सेलचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत, 0 ते 255 या मापावर नोंदला जातो. समजा, मरून धाग्यात हिरव्या रंगाचा आकडा 20 आहे आणि भिंतीत 250. पिक्सेल अर्धा धाग्याने व्यापला असेल तर नोंद होते 135. (कॅमेरा आकड्यांना आपल्या पद्धतीने उजळपणा देतो, त्यामुळे प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो. तत्त्व मात्र हेच.)

पॉवरपॉइंटमधलं Set Transparent Color फक्त दाखवलेला एक रंग काढतं. 135 वाला पिक्सेल त्याला भिंत वाटत नाही, म्हणून तो तसाच राहतो. हीच ती रेघ. जरा हुशार साधन या पिक्सेलला अर्धपारदर्शक करतं. तेवढ्यानेही काम भागत नाही, कारण त्याचा रंग अजून भिंतीने बाटलेलाच असतो. स्लाइडच्या निळ्यात हिरवा 30 असेल, तर 135 चं अर्धं आणि 30 चं अर्धं मिळून सुमारे 82 येतात. खरी शाल त्या स्लाइडपुढे धरली असती तर 20 आणि 30 चं मिश्रण, म्हणजे 25 दिसलं असतं.

म्हणजे पिक्सेलची दोन उत्तरं लागतात: त्यात धागा किती, आणि धाग्याचा स्वतःचा रंग कोणता. धागा अर्धा आहे हे कळलं तर 135 मधून भिंतीचे 125 वजा करायचे आणि उरलेल्या 10 ला अर्ध्याने भागायचं. 20 परत मिळतात. पण पिक्सेलमध्ये धागा फक्त दहावा हिस्सा असेल, तर फोटोतली 3 आकड्यांची चूक भागाकारात 30 ची होते. जेपीईजी फाइलमध्ये काठाला एवढी चूक सहज असते. म्हणून बरीच साधनं हा हिशेब टाळून शेजारच्या भरीव धाग्याचा रंग उचलतात. एकरंगी दशांना ते चालतं.

पण धागा किती, हे कळायचं कसं? एका फोटोतून ते अंदाजानेच ठरवावं लागतं. 1996 मध्ये आल्वी रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन या संगणक-चित्रणातल्या संशोधकांनी दाखवलं, की त्याच वस्तूचे दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर फोटो असले तर अंदाजाची गरज उरत नाही. आपल्या पिक्सेलमागे काळा कपडा लावला आणि त्याचा आकडा 10 असला, तर नोंद होते 15. भिंत आणि कपडा यांच्यात फरक 240 चा. आपल्या पिक्सेलमध्ये फरक पडला 120 चा. म्हणजे निम्मी पार्श्वभूमी दिसतेय, आणि उरलेला निम्मा धागा. भरीव शालीत फरक शून्य येतो, मोकळ्या जागेत पूर्ण 240.

हे घरी करता येतं. शाल काठीला टांगायची, पंखा बंद ठेवायचा, फोन ट्रायपॉडवर लावून टायमर वापरायचा आणि एक्स्पोजर, फोकस व व्हाइट बॅलन्स लॉक करायचा. एचडीआर बंद. मागे आधी पांढरा कागद, मग काळा कपडा लावून एकेक फोटो घ्यायचा. दोन्ही शालीपासून हातभर तरी लांब हवेत, नाहीतर पांढऱ्याचा उजेड शालीवर पडून तिचाच रंग दोन फोटोंत वेगळा येतो. मग जिंप या मोफत फोटो-संपादकात दोन्ही फोटो एकावर एक ठेवून वरच्या लेयरला Difference मोड द्यायचा, आलेलं चित्र कृष्णधवल करून Invert करायचं, लेव्हल्सने मोकळी जागा पूर्ण काळी होईपर्यंत ताणायचं, आणि तेच काळ्या कपड्यावरच्या फोटोला मास्क म्हणून लावायचं, म्हणजे मास्क जिथे काळा तिथे फोटो पारदर्शक होतो. काळ्यावरचाच फोटो घ्यावा, कारण उरलीच तर काठाला काळपट छटा उरते, आणि गडद स्लाइडवर ती लपते. फिक्या पिवळ्या स्लाइडवर मात्र ती दिसेल. तिथे वरचा भागाकार करावाच लागतो. फाइल PNG मध्ये साठवायची. जेपीईजीत पारदर्शकता टिकत नाही.

तपासायचं तर कटआउट आधी काळ्यावर, मग भडक गुलाबीवर ठेवून मोठं करून पाहावं. पांढरी रेघ पांढऱ्यावर कळत नाही आणि काळपट छटा काळ्यावर, गुलाबीवर दोन्ही दिसतात.

पैठणीच्या जरीला मात्र ही युक्ती थोडी फसते. जरीवर आसपासचा उजेड आरशासारखा चमकतो, आणि मागचा रंग बदलला की तो उजेडही थोडा बदलतो, त्यामुळे पदराच्या मधोमधही दोन फोटोंत फरक येतो आणि मास्कमध्ये राखाडी भोकं पडतात. तिथे मास्कचा आतला भाग ब्रशने पांढरा भरून घ्यायचा आणि काठाला मात्र हात लावायचा नाही.