जिम सुटल्यावर अर्ध्या तासाची घाई कशासाठी?

उद्यमबागेतल्या कारखान्यातून साडेपाचला सुटायचं, सात ते सव्वाआठ जिम करायची आणि येळ्ळूरला घरी जाऊन जेवायला बसेपर्यंत सव्वानऊ. बेळगाव भागात असा दिनक्रम असलेली पोरं पुष्कळ आहेत. व्यायाम संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात प्रोटीन पोटात गेलं नाही तर मेहनत वाया, हे वाक्य त्यांनी जिममध्ये कितीदा तरी ऐकलेलं असतं. मग पगारातले पैसे काढून पावडरचा डबा येतो आणि जिमच्या दारातच शेकर हलवला जातो. या अर्ध्या तासाला ‘ॲनाबॉलिक विंडो’, म्हणजे स्नायू घडण्याची खिडकी, म्हणतात.

कल्पना अगदीच हवेतली नाही. वजनं उचलल्यावर स्नायूंमधल्या प्रथिनांची घडण वाढते, तशी मोडही वाढते. उपाशीपोटी व्यायाम केला तर घडण वाढूनसुद्धा मोड तिच्या पुढेच राहते. प्रथिनं खाल्ली की हिशोब जमेत येतो. घाईचा सल्ला देताना ज्या प्रयोगांचा आधार घेतला जातो, त्यांतले बरेचसे अशा उपाशी माणसांवर झालेले आहेत. कामावरून येणारा माणूस मात्र दुपारचा डबा खाऊन आलेला असतो. साधं मिश्र जेवण पचून त्यातली अमिनो आम्लं रक्तात उतरत राहायला चार-पाच तास सहज लागतात. शिवाय व्यायामानंतर स्नायूंची प्रथिनं वापरण्याची तयारी निदान चोवीस तास टिकते. म्हणजे खिडकी अर्ध्या तासात बंद होत नाही.

व्यायामाचे संशोधक शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले. वेळ पाळणाऱ्यांना फायदा झाल्यासारखा दिसत होता, पण दिवसभरात कोणी एकूण किती प्रथिनं खाल्ली हे हिशोबात घेतल्यावर तो फायदा उरला नाही. 2017 च्या त्यांच्या प्रयोगात काहींनी 25 ग्रॅम प्रथिनं व्यायामाआधी घेतली, काहींनी नंतर. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. असे प्रयोग लहानच असतात, त्यामुळे अगदी बारीक फरक त्यांत दिसणार नाही, हे मात्र ध्यानात ठेवावं.

मग वेळेला काहीच अर्थ नाही का? आहे, पण घड्याळ व्यायाम संपल्यापासून लावायचं नाही. व्यायामाआधीचं खाणं आणि नंतरचं खाणं यांत किती तास जातात ते मोजायचं. तास-दीड तासाचा व्यायाम असेल तर हे अंतर साधारण तीन-चार तासांत बसावं. आधीचं जेवण भरपूर असेल तर पाच-सहासुद्धा चालतात.

आता आपल्या येळ्ळूरच्या गड्याचा दिवस पाहू. वजन 65 किलो. एक वाजता डब्यात तीन चपात्या, वाटीभर मटकीची उसळ आणि भात, म्हणजे प्रथिनं जेमतेम 20 ग्रॅम. चारला चहा-बिस्कीट, त्यात नावापुरती. त्यानंतर थेट सव्वानऊचं जेवण. आठ तासांहून मोठं अंतर पडलं! सव्वाआठला शेकर प्यायला काय किंवा सव्वानऊला जेवला काय, त्या एका तासाने फारसं बिघडत नाही. खरी गळती व्यायामाआधीच्या रिकाम्या सहा तासांत आहे.

म्हणून साडेपाचला सुटल्या सुटल्या दोन उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध घ्यावं. त्यातून सुमारे 20 ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि अंतर पावणेचार तासांवर येतं. अंडी चालत नसतील तर दोन मुठी फुटाणे आणि दूध. शेंगदाणेही चालतात, पण त्यांत तेल जास्त. काहींना बैठका मारताना पोट जड वाटतं.

दुसरी गळती एकूण मापात असते. स्नायू वाढवायचे तर दिवसाला दर किलो वजनामागे 1.6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात, म्हणजे या गड्याला सुमारे 104. सकाळचे पोहे, डबा, चहा आणि रात्रीची भाकरी-आमटी-भात धरून त्याची बेरीज पन्नाशीच्या आसपास राहते. साडेपाचच्या खाण्याने ती सत्तरीला जाते. रात्रीच्या ताटात 50 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांची भाजी किंवा 100 ग्रॅम शिजलेलं चिकन आलं की आणखी 25 ग्रॅमची भर. उरलेले आठ-दहा ग्रॅम सकाळच्या पेलाभर दुधाने बहुतेक भरून निघतात. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मात्र हे आकडे डॉक्टरांना विचारूनच धरावेत.

घाई खरोखर कामाची असते ती उपवासाच्या दिवशी. एकादशीला साबुदाण्यावर दिवस काढला तर प्रथिनं जवळजवळ नसतातच, आणि तसंच संध्याकाळी वजन उचललं तर ते उपाशीपोटी उचलल्यासारखंच. त्या दिवशी निदान आधी दूध-दही घ्यावं, नाहीतर व्यायाम संपल्यावर फार वेळ घालवू नये. वय झालेल्यांनीही फार उशीर करू नये. 2001 मध्ये डेन्मार्कमध्ये सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यात लगेच प्रथिनं घेणाऱ्यांचे स्नायू वाढले, दोन तासांनी घेणाऱ्यांचे वाढले नाहीत. माणसं फक्त 13 होती आणि प्रथिनं अवघी 10 ग्रॅम, त्यामुळे त्यावरून पक्का नियम काढता येत नाही. पण उतारवयात एका वेळच्या प्रथिनांचं माप तरुणांपेक्षा मोठं लागतं, हे नंतरच्या अभ्यासांतही दिसलं आहे.