खिडकी वजा केली, तरी रंग वाढला

सोलापूरच्या जुन्या भागातली दगडी घरं रंगवायला काढली की साधा हिशेब हमखास चुकतो. त्याचं कारण भिंतीच्या जाडीत आहे. अशाच एका खोलीत टेप घेऊन उभ्या असलेल्या बापलेकीचं हे बोलणं. खोली 12 फूट लांब, 10 फूट रुंद, 10 फूट उंच. छताला वेगळा पांढरा रंग असल्याने ते या हिशेबात नाही.

मुलगी : बाबा, चारही भिंतींची लांबी मिळून 44 फूट. गुणिले उंची 10, म्हणजे 440 चौरस फूट. त्यातून दार आणि दोन खिडक्या वजा करायच्या.

बाबा : दार 3 बाय 7 आहे ना? 21 वजा कर. खिडक्यांना थोडं थांब. खिडकी केवढी आहे?

मुलगी : 4 बाय 4. एकीचे 16 चौरस फूट.

बाबा : आता चौकट कुठे बसवलीय ते बघ. बाहेरच्या अंगाला. भिंत दीड फूट जाड. मग चौकटीपासून खोलीपर्यंतची ही आतली बाजू रंगवायची की नाही?

मुलगी : रंगवायची. डावी, उजवी आणि वरची. खाली शहाबादी फरशी आहे, तिला रंग नको. म्हणजे तीन बाजू, प्रत्येक 4 फूट लांब नि दीड फूट रुंद... 18 चौरस फूट! वजा 16 आणि जमा 18?

बाबा : हो. प्रत्येक खिडकीमागे 2 चौरस फूट वाढलेच.

विटांच्या नव्या भिंतीत ही आतली पट्टी जेमतेम चार-पाच इंचांची असते, तिथे खिडकी सरळ वजा केली तरी फारसं बिघडत नाही. जाड भिंतीत मात्र जाडी मोजायलाच हवी.

मुलगी : मग कोनाडे? तेही दोन आहेत. 2 बाय 2 चे, 9 इंच आत गेलेले.

बाबा : तूच सांग.

मुलगी : कोनाड्याचं तोंड 4 चौरस फूट, पण मागची भिंतही तेवढीच. म्हणून काहीच वजा नाही. चारही कडा मिळून 8 फूट, गुणिले पाऊण फूट, म्हणजे 6 चौरस फूट जास्तीचे. दोन कोनाड्यांचे 12. एकूण 440 वजा 21, अधिक 4, अधिक 12. झाले 435.

बाबा : बरोबर. आता डब्यावर काय लिहिलंय ते वाच.

मुलगी : एका लिटरमध्ये 120 ते 140 चौरस फूट, दोन कोट.

हे ‘दोन कोट’ नीट वाचावं. काही डब्यांवर एका हाताचा आकडा असतो, तो साहजिकच दुपटीच्या आसपास दिसतो. तोच दोन हातांचा समजून रंग आणला, तर पहिल्या हातातच डबा संपतो.

मुलगी : पण पाणी घालून पातळ केला तर जास्त जागेला पुरेल ना?

बाबा : पुरल्यासारखा वाटेल. 120 चौरस फूट म्हणजे साधारण 11 चौरस मीटर. तेवढ्यावर एक लिटर पसरला की ओल्या थराची जाडी भरते 0.09 मिलिमीटर, तीही दोन्ही हात मिळून. पाणी उडून गेल्यावर त्याचा साधारण तिसरा हिस्सा उरतो, डोक्याच्या केसाच्या निम्म्याने. झाकायचं काम तो उरलेला थर करतो. डब्यावर सांगितलंय त्याहून जास्त पाणी घातलं, तर थर आणखी पातळ होतो, खालचा डाग दिसतो आणि तिसरा हात मारावा लागतो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हा मोह जास्त होतो, कारण रंग भिंतीवर पटकन सुकतो नि रोलर ओढायला जड जातो. त्यावर उपाय सकाळी लवकर काम सुरू करण्याचा. एक भिंत अर्ध्यावर सोडू नये. सुकलेल्या कडेवर नवा रंग चढला की तिथे पट्टा उमटतो.

मुलगी : मग 435 भागिले 120, म्हणजे 3.6 लिटर. 140 ने भागलं तर 3.1.

बाबा : 140 गुळगुळीत भिंतीला. आपली खडबडीत आहे, तिला रंग जास्त लागतो. 120 च धर. शिवाय आधी तळहात घासून बघ.

मुलगी : पांढरी भुकटी लागली हाताला.

बाबा : जुना चुना सुटतोय. यावर रंग मारला तर तो चुन्याला चिकटेल आणि चुन्यासकट पापुद्रे निघतील. खरवडून, पुसून, प्रायमरचा एक हात दिल्याशिवाय पुढे जायचं नाही. प्रायमर दिला नाही, तर कोरडी भिंत पहिला हात शोषून घेईल आणि आपले 3.6 लिटर कमी पडतील.

मुलगी : मग 4 लिटरचा एकच डबा घेऊ. चार सुटे एकेक लिटरचे नकोत?

बाबा : नको. छटा दुकानात मशीनवर मिसळतात, दोन डब्यांत बारीक फरक पडू शकतो. सुटे घेतलेच, तर आधी सगळे मोठ्या बादलीत एकत्र ओतून ढवळायचे. उरेल तो रंग झाकण घट्ट लावून ठेव, खिळा काढलेल्या जागी लागेल.