वाकडा बांध सरळ करताना क्षेत्र का बदलत नाही?

शेताचे क्षेत्र टेपने काढताना अनेक जण समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढतात आणि त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करतात. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त या रीतीने येणाऱ्या उत्तराला ‘स्थूल’ म्हटले आहे. शेत काटकोनी असेल तर उत्तर बरोबर येते. पण ६० मीटर पायाचे, ५० मीटर तिरप्या बाजूंचे आणि ४० मीटर उंचीचे समांतरभुज शेत असेल, तर ही रीत ३००० चौरस मीटर सांगते, आणि प्रत्यक्षात जमीन २४०० चौरस मीटरच असते. जवळजवळ सहा गुंठ्यांचा हा फरक बाजूची लांबी आणि उंची एकच मानल्यामुळे पडतो.

पाया आणि उंची कायम असतील, तर आकृती कितीही तिरपी झाली तरी क्षेत्र बदलत नाही. ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातील ३७ वे विधान त्रिकोणांविषयी हेच सांगते: एकाच पायावर आणि त्याच दोन समांतर रेषांमध्ये असलेले त्रिकोण समक्षेत्र असतात. ‘पाया गुणिले उंची भागिले दोन’ हे सूत्र आपल्याला पाठ असते. पण तिरप्या आकृतीलाही ते का लागू पडते, हे पुढील युक्तीतून दिसते.

खालच्या रेषेवर बक हा पाया घ्या. वरच्या समांतर रेषेवर डावीकडून उजवीकडे अ, ड, इ, फ हे बिंदू असे घ्या की अबकड आणि इबकफ हे दोन समांतरभुज चौकोन तयार होतील. अड आणि इफ या दोन्ही बाजू पायाएवढ्या, म्हणून परस्परांएवढ्या आहेत. दोन्हींत मधला डइ हा तुकडा मिळवला की अइ आणि डफ समान ठरतात. शिवाय अब ही बाजू डकएवढी आणि इब ही बाजू फकएवढी आहे, म्हणून अबइ आणि डकफ हे त्रिकोण एकरूप आहेत. आता अबकफ हा संपूर्ण समलंब चौकोन पाहा. त्यातून डकफ काढला तर अबकड उरतो, आणि अबइ काढला तर इबकफ उरतो. एकाच आकृतीतून दोन एकरूप त्रिकोण आळीपाळीने काढले असल्यामुळे उरलेले भाग समान असलेच पाहिजेत. प्रत्येक समांतरभुज चौकोनाचा कर्ण त्याचे दोन एकरूप त्रिकोण करतो, म्हणून त्रिकोणांचीही क्षेत्रे समान होतात. शिरोबिंदू दूर सरकला की परिमिती वाढते, कुंपणाची तार जास्त लागते. जमीन मात्र वाढत नाही.

या विधानाचा मला सर्वांत आवडणारा उपयोग वाकडा बांध सरळ करण्याचा आहे. समजा, खानापूर तालुक्यातील दोन भावांच्या शेतांमधला बांध दक्षिण हद्दीवरील म पासून निघतो, न या कोपऱ्यावर वळतो आणि उत्तर हद्दीवरील र ला पोहोचतो. मर हे सरळ अंतर ८० मीटर आहे, उत्तर हद्द मर ला काटकोनात आहे, आणि न हा कोपरा मर पासून पूर्वेला १२ मीटर बाहेर आहे. न मधून मर ला समांतर सुतळी ताणून ती उत्तर हद्दीला जिथे मिळेल तिथे स ही खुंटी ठोकायची. मस हा नवा सरळ बांध. मरन आणि मरस या दोन्ही त्रिकोणांचा पाया मर, उंची १२ मीटर, क्षेत्र ४८० चौरस मीटर. म्हणून दोघांचीही जमीन होती तेवढीच राहते. न हा कोपरा दक्षिण टोकापासून मर च्या दिशेने मोजता ५० मीटरवर असेल, तर पश्चिमेचा भाऊ तिथे सुमारे १३१ चौरस मीटर सोडतो आणि उत्तरेला तेवढेच मिळवतो.

सुतळी समांतर आहे याची खात्री करण्यासाठी मर पासूनचे लंब अंतर दोन ठिकाणी मोजावे. लंब टाकताना ३, ४, ५ मीटरचा दोरीचा त्रिकोण पुरतो. स च्या ठिकाणी हे अंतर १३ मीटर भरले, तर ४० चौरस मीटर जमीन एका बाजूला जास्त जाते. जुना आणि नवा बांध जिथे एकमेकांना छेदतात, तिथे दोन्ही अंगांना होणारे त्रिकोण वेगवेगळे मोजून पाहिले की ही चूक उघडी पडते. उत्तर हद्द तिरपी असली तरी रीत चालते. मात्र र आणि स यांच्यामध्ये ती सरळ असली पाहिजे.

तिरप्या कोपऱ्याची जमीन अशुभ असते, असे वास्तुशास्त्राच्या नावाने सांगितले जाते. कोपऱ्याचा कोन आणि घराचे भाग्य यांचा काहीही संबंध नाही. जमिनीचा उतार मात्र खरोखर विचारात घ्यावा लागतो. खानापूरच्या डोंगराळ भागात टेप उतारावर टेकवून मोजल्यास अंतर जास्त भरते, तर मोजणीचा नकाशा क्षितिजसमांतर अंतरांवर आधारलेला असतो. म्हणून टेप आडवी धरून, ओळंबा सोडून टप्प्याटप्प्याने मोजावे. शिवाय अदलाबदल होणाऱ्या दोन तुकड्यांपैकी एकात विहीर किंवा काळी माती आणि दुसऱ्यात खडक असेल, तर त्यांची किंमत समान नसते, आणि त्याचा हिशेब दोन्ही भावांनी खुंटी ठोकण्यापूर्वी वेगळा करायला हवा.