परदेशातील प्रार्थनास्थळी वेश व वर्तन (इंदूरच्या मराठी प्रवाशांच्या संदर्भात)

परदेशात पर्यटक म्हणून मंदिर, मशीद किंवा चर्च पाहायला जाताना पाळायचे कपड्यांचे आणि वागण्याचे नियम. इंदूरच्या मराठी घरांत हा विषय 2019 नंतर जास्त निघू लागला, कारण त्या वर्षी इथून दुबईला थेट विमान सुरू झाले आणि दुबईला जाणारा बहुतेक माणूस एक दिवस काढून अबू धाबीची शेख झायेद मशीद पाहतोच. नियम अवघड नाहीत. अडचण अशी की घरी जे सर्वांत सोज्वळ मानले जाते, तेच तिथल्या दारावर अपुरे पडते.

सोवळे आणि झाकणे

इंदूरकराला देवळातल्या कपड्यांचा कडक नियम नवा नाही. उज्जैनला महाकालाच्या गाभाऱ्यात जलाभिषेकासाठी जायचे तर पुरुषांना धोतर-सोवळे आणि बायकांना साडी, हे लहानपणापासून माहीत असते. या नियमाच्या मुळाशी शुद्धता आहे. वस्त्र धुतलेले, शक्यतो न शिवलेले असावे. पुरुषाचे खांदे उघडे असले तरी चालते, साडीत पोट-पाठ थोडी दिसली तरी कुणाला त्यात वावगे वाटत नाही. मशिदीचा आणि चर्चचा नियम वेगळ्या पायावर उभा आहे. तिथे कापड कोणते याला महत्त्व नाही. अंग किती झाकले आहे, तेवढेच पाहतात. म्हणून नऊवारी नेसून गेलेल्या आजीलाही दारावर थांबवले जाऊ शकते, आणि त्यात तिचा अपमान करण्याचा हेतू नसतो.

अबू धाबीचे उदाहरण

शेख झायेद मशीद 2007 मध्ये खुली झाली. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, पण मोफत पास आधी ऑनलाइन काढावा लागतो. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, त्यामुळे सहलीचा तो दिवस शुक्रवारी येत असेल तर वेळ आधीच तपासावी. बायकांसाठी नियम असा: डोके झाकलेले, बाह्या मनगटापर्यंत, कपडा घोट्यापर्यंत, सैल आणि आरपार न दिसणारा. पुरुषांना लांब पँट हवी; बर्म्युडा आणि बिनबाह्यांचा टी-शर्ट चालत नाही.

आता इंदूरहून निघालेल्या एका सासू-सुनेची बॅग पाहू. सासूबाईंच्या साड्या पाचवारी आहेत, ब्लाउज कोपराच्या वर. इथे दोन जागा उघड्या राहतात: हात आणि कंबर. पदर डोक्यावर घेतला तर तो कमरेवरून वर ओढला जातो आणि उरलेली बाजूही उघडी पडते, म्हणजे एक नियम पाळताना दुसरा मोडतो. पिशवी उचलायला वाकले की डोक्यावरचा पदर सरकतो तो वेगळाच. यावर दोनच पक्के उपाय आहेत. एक, साडीवरून अबाया म्हणजे अंगभर सैल झगा घालणे. तो मशिदीजवळच्या दुकानांत विकत मिळतो, पण गर्दीत घाईने घेण्यापेक्षा आधी घेतलेला बरा. दुसरा, त्या दिवसापुरती साडी बाजूला ठेवून पूर्ण बाह्यांचा सैल कुर्ता, सलवार आणि सुती ओढणी वापरणे. सासूबाईंना साडीच हवी असेल तर अबायाच योग्य.

सुनेने कुर्ता-लेगिंग्ज घेतले आहेत आणि तिला वाटते की आपले काम झाले. पण लेगिंग्ज तंग म्हणून अडतात आणि शिफॉनची ओढणी आरपार दिसते म्हणून. ओढणीची परीक्षा घरीच करता येते: ओढणीचा एकच थर खिडकीच्या उजेडात धरून मागे हात ठेवावा; बोटे मोजता आली तर ती ओढणी नको. एम.टी. क्लॉथ मार्केटमधून साधी सुती, गडद रंगाची, अडीच मीटरची ओढणी घ्यावी. ती डोक्यावरून आणून हनुवटीखाली पिनेने अडकवायची आणि एक टोक उलट्या खांद्यावर टाकायचे. पिन नसेल तर दर पाच मिनिटांनी ती सावरावी लागते.

आत फोटो काढता येतात, पण नाटकी पोज देऊन किंवा एकमेकांना मिठी मारून नव्हे. 2013 मध्ये गायिका रिहाना हिलाही अशाच फोटोंमुळे आवार सोडायला सांगितले होते. जोडप्यांनी हात धरून फिरणेही टाळावे.

त्याच शहराजवळ 14 फेब्रुवारी 2024 रोजी बीएपीएस या स्वामिनारायण संस्थेच्या हिंदू मंदिराचे उद्घाटन झाले. आपलेच देऊळ म्हणून इथे सैल राहू नये. गळा, कोपर आणि घोटे यांच्यामधले अंग झाकलेले हवे, तंग व पारदर्शक कपडे नकोत, आणि फार आवाज करणारे दागिनेही नकोत. मशिदीसाठी केलेली तयारी इथे जशीच्या तशी उपयोगी पडते, म्हणून दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी ठेवणे सोयीचे.

चर्च: तीर्थ नव्हे, प्रसाद नव्हे

रोमच्या सेंट पीटर्ससारख्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असले की पुरते. बिनबाह्यांच्या कुर्त्यावर ओढणी दोन्ही खांद्यांवरून घेतली तरी भागते. डोक्याचा नियम मात्र इथे उलटा आहे: पुरुषाने टोपी काढायची. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बायकांनी डोके झाकावे अशी अपेक्षा पुष्कळ ठिकाणी असते, त्यामुळे ती ओढणी तिथेही कामाला येते.

खरी चूक कपड्यांत होत नाही, ती श्रद्धेपोटी होते. कॅथलिक चर्चच्या दाराशी पाण्याचे छोटे पात्र असते. आपला हात आपोआप तीर्थ घ्यायला पुढे जातो. ते पाणी प्यायचे नसते. भाविक त्यात बोटे बुडवून क्रुसाची खूण करतात. मिस्सा ही त्यांची मुख्य उपासना चालू असेल तर शेवटी लोक रांगेने वेदीपाशी जातात आणि धर्मगुरू त्यांना पातळ गोल भाकर देतात. हे कम्युनियन. प्रसाद नाकारू नये या संस्काराने आपण रांगेत उभे राहतो, पण कॅथलिकांसाठी ती भाकर ख्रिस्ताचे शरीर आहे आणि ती दीक्षित कॅथलिकांनीच घ्यायची असते. हातात घेऊन घरी न्यायची तर मुळीच नाही. अशा वेळी बाकावर शांत बसावे. चुकून रांगेत गेलोच, तर दोन्ही हात छातीवर आडवे ठेवावेत. बऱ्याच ठिकाणी धर्मगुरू त्यावरून ओळखून नुसता आशीर्वाद देतात.

पाय कुठे करायचे

बँकॉकच्या वाट फ्रा केव या मंदिरात बिनबाह्यांचे, आखूड, फाटके आणि तंग कपडे चालत नाहीत, लेगिंग्जही नाहीत. पादत्राणे बाहेर काढणे आपल्या अंगवळणी आहे. चुकते ते बसण्यात. गुडघे दुखणारी वडीलधारी माणसे पाय लांब करून बसतात आणि तळवे थेट बुद्धमूर्तीकडे होतात. थायलंडमध्ये हा मोठा अनादर समजतात. दोन्ही पाय एका बाजूला, मागे वळवून बसावे. ते जमत नसेल तर आत बसूच नये, मागे उभे राहून नमस्कार करावा. भिक्खूंच्या पायाला हात लावून नमस्कार करण्याची इच्छा बायकांनी आवरावी, कारण स्त्रीचा स्पर्श त्यांना वर्ज्य असतो. हात जोडणे पुरेसे आहे.